उत्तरसूचीतली बाकी: अंशाधिक अपूर्णांकाचा पूर्णांकयुक्त अपूर्णांक करताना

कार्यपत्रिकेतल्या प्रश्नात चूक असली तर एखादं चुणचुणीत पोरगं लगेच हात वर करतं. उत्तरसूचीत चूक असली तर बरोबर उत्तरावर लाल फुली पडते, आणि पोरगं गप्प बसतं. छापलेलं थोडंच चुकणार, आपलंच चुकलं असेल, असं त्याला वाटतं. आमच्या अमळनेर-पारोळ्याकडे अधूनमधून एखादं धीट पोर वही घेऊन टेबलापाशी येतं आणि म्हणतं, "सर, मनं उत्तर येगळं शे." मग सूची पुन्हा उघडून पाहावी लागते. अपूर्णांकांच्या बाबतीत बऱ्याचदा पोराचंच बरोबर निघतं.

शेजारच्या शाळेतल्या एका मॅडमनी सहावीच्या वर्गासाठी एक यादी काढली होती. अंशाधिक अपूर्णांक दिलेत, त्यांचे पूर्णांकयुक्त अपूर्णांक करा, एवढाच प्रश्न. यादी अशी: १७/५, ११/४, २६/८, २४/६, २३/६, ५/८, १०७/१०, १४३/९१, २१५/७, ३७/१६, ७२/१५ आणि २९/१२. तिची उत्तरसूची कशी बनवायची ते इथे सांगतो. बारा उदाहरणं म्हणजे दहा मिनिटांचं काम वाटतं, आणि काढायला तेवढाच वेळ लागतोही. पण काढलेलं बरोबर आहे हे कशावरून, हा प्रश्न जरा खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे.

आधी मुळातली गोष्ट. अंश छेदापेक्षा मोठा किंवा छेदाएवढा असला की तो अंशाधिक अपूर्णांक. छेद सांगतो की एका पूर्ण वस्तूचे किती सारखे भाग केलेत, आणि अंश सांगतो की तसले किती भाग आपल्याकडे आहेत. केळीचंच बघा. डझनात बारा केळी. एक केळं म्हणजे १/१२ डझन. घरात २९ केळी आली तर ती २९/१२ डझन. हा आकडा चुकीचा नाही, पण बाजारात असं कुणी बोलत नाही. आपण बारा-बाराचे गट करतो: दोन डझन पूर्ण भरले, २४ केळी गेली, ५ उरली. उरलेली पाच केळी तिसऱ्या डझनाचे १२ पैकी ५ भाग. म्हणून २९/१२ = २ पूर्णांक ५/१२.

सगळी रीत एवढीच आहे. अंशाला छेदाने भागायचं. भागाकार येतो तो पूर्णांक, बाकी उरते ती नवा अंश, आणि छेद जिथे होता तिथेच राहतो. छेद का बदलत नाही, हे मुलांना केळ्यांवरून चटकन कळतं: गट केले म्हणून उरलेल्या केळ्याचा आकार बदलत नाही, ते अजूनही डझनाचा बारावा भागच असतं. नुसती "भागा आणि लिहा" अशी रीत पाठ केलेल्या मुलाला मात्र तीन आकडे हाती लागतात आणि कुठला कुठे ठेवायचा ते आठवत नाही. पुढच्या जवळपास सगळ्या चुका तिथून निघतात.

आता १७/५ घेऊ. सतराला पाचाने भागलं: पाच त्रिक पंधरा, बाकी दोन. उत्तर ३ पूर्णांक २/५. घाईत हेच २ पूर्णांक ३/५ असं लिहिलं जातं, म्हणजे भागाकार आणि बाकीची अदलाबदल. आणि गंमत अशी की २ पूर्णांक ३/५ हे दिसायला अगदी नीटनेटकं उत्तर आहे. तीन पाचापेक्षा लहान, संक्षेपही होत नाही, डोळ्याला काहीच खटकत नाही. सूची तपासणारा नुसती नजर फिरवत असेल तर हे हमखास निसटतं. २१५/७ मध्ये अशी अदलाबदल झाली तर ५ पूर्णांक ३०/७ असं काहीतरी येतं. सातावर तीस बघून कुणीही थबकेल. म्हणजे चूक एकच, पण एका ठिकाणी ती ओरडून सांगते आणि दुसऱ्या ठिकाणी लपून बसते.

म्हणून नजरेवर भिस्त ठेवायची नाही, उलटं करून पाहायचं. पूर्णांक गुणिले छेद, अधिक अंश, हे मूळच्या अंशाएवढं यायला हवं. ३ गुणिले ५ पंधरा, अधिक २, सतरा. जुळलं. २ पूर्णांक ३/५ चं करून पाहिलं तर २ गुणिले ५ दहा, अधिक ३, तेरा. म्हणजे ते १३/५ चं उत्तर आहे, १७/५ चं नव्हे.

इथे एक बारीक गोष्ट आहे. एवढी एक पडताळणी पुरत नाही. कुणी १७/५ = २ पूर्णांक ७/५ असं लिहिलं, तर दोन पंचे दहा अधिक सात, सतरा, पडताळणी जुळते! किंमतही बरोबर आहे. पण त्या ७/५ च्या पोटात अजून एक पूर्ण दडलाय, म्हणजे काम अर्धवट झालंय. त्यामुळे दुसरी अट लागते: वरचा अंश छेदापेक्षा लहानच हवा. या दोन अटी एकत्र पाळल्या की त्याच छेदाचं उत्तर एकच उरतं, दुसरं असूच शकत नाही. बाकी एका छेदाएवढी वाढवायची तर पूर्णांक एकने कमी करावा लागतो, आणि तसं केलं की बाकी छेदाच्या वर जाते. भागाकाराचं हे साधं वैशिष्ट्य उत्तरसूची करणाऱ्याच्या फार कामाचं आहे. दोन्ही अटी जुळल्या तर शंका घ्यायला जागा राहत नाही.

११/४ साठी आणखी एक तपासणी आपल्या घरातच आहे. ज्यांच्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ होती त्यांना अकरा पाव म्हणजे पावणेतीन हे सांगावं लागत नाही. पावणेतीन म्हणजे २ पूर्णांक ३/४. अदलाबदल होऊन ३ पूर्णांक २/४ लिहिलं गेलं तर ते साडेतीन होतं, आणि अकरा पावांचे साडेतीन कसे होतील हे कानालाच कळतं. छेद दोन किंवा चार असेल तिथेच हा उपाय चालतो, पण चालतो तिथे झटक्यात चालतो. मुलांनाही हे मोठ्याने बोलायला लावावं.

२१५/७ मध्ये निराळा खड्डा आहे. एकवीसला सातने भागलं की तीन, खाली काही उरत नाही. मग पाच खाली घ्यायचा. पाचात सात जात नाहीत, म्हणून भागाकारात शून्य लिहायला हवं. ते शून्य राहून गेलं की भागाकार ३, बाकी ५, आणि उत्तर ३ पूर्णांक ५/७. बरोबर उत्तर ३० पूर्णांक ५/७. गुणाकार करून पडताळलं की हे सापडतंच, तीन सत्ते एकवीस अधिक पाच, सव्वीस, कुठे दोनशे पंधरा. पण त्याही आधी मनात ढोबळ अंदाज बांधायची सवय असावी: सात तिसे दोनशे दहा, म्हणजे उत्तर तिसाच्या जरा वर. भागाकाराच्या मध्ये किंवा शेवटी शून्य येणारं एक तरी उदाहरण यादीत असावं असं माझं मत आहे, कारण ही चूक अपूर्णांकाची नसून भागाकाराची आहे आणि ती इथेच उघडी पडते.

२४/६ ला बाकी शून्य उरते. उत्तर नुसतं ४. "४ पूर्णांक ०/६" असं सूचीत छापू नये. किंमत बरोबर असली तरी तसं कुणी लिहीत नाही, आणि मुलं तेच उचलतात. ५/८ बद्दल मात्र मॅडमना फोनच करावा लागला. पाच आठापेक्षा लहान, हा अंशाधिक नाहीच, छेदाधिक अपूर्णांक आहे. त्याचा पूर्णांकयुक्त होत नाही. मॅडम म्हणाल्या, "मुद्दाम घातलाय हो, किती जण थांबतात ते बघायचंय." मुद्दाम घातला असेल तर उत्तमच, पण मग प्रश्नात "शक्य असल्यास रूपांतर करा" असं लिहायला हवं आणि सूचीत "रूपांतर होत नाही, ५/८ हेच राहील" असं स्पष्ट हवं. नाहीतर दुसऱ्या शाळेतले सर सूची बघून ही छपाईची चूक समजतात आणि स्वतःच ८/५ करून १ पूर्णांक ३/५ वर गुण देऊन मोकळे होतात.

आता संक्षेपाकडे येऊ. सूचीवरून सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. २६/८ ला आठ त्रिक चोवीस, बाकी दोन, म्हणजे ३ पूर्णांक २/८. पण २/८ म्हणजे १/४, म्हणून अतिसंक्षिप्त रूप ३ पूर्णांक १/४. कुणी आधी २६/८ ला दोनने भागून १३/४ करतं आणि मग तीन चोक बारा, बाकी एक, ३ पूर्णांक १/४ काढतं. दोन्ही वाटा एकाच जागी पोचतात. मग आधी संक्षेप करावा की नंतर? बहुतेक शिक्षक आधी करा म्हणतात. उत्तरसूची करताना मी नंतर करतो, आणि त्याला कारण आहे.

१४३/९१ बघा. दोन्ही आकडे पाहून यांना कशाने भाग जातो हे पटकन सुचत नाही. दोनने नाही, तीनने नाही, पाचने नाही. पुष्कळ जण इथे "संक्षेप होत नाही" असं ठरवून टाकतात. पण आधी भागून घेतलं तर भागाकार १, बाकी ५२. उत्तर १ पूर्णांक ५२/९१. आता मसावि १४३ आणि ९१ चा नव्हे, तर ५२ आणि ९१ चा काढायचा आहे. आकडे लहान झाले. आणि मसावि तोच येतो. का? जी संख्या १४३ ला आणि ९१ ला दोघांनाही निःशेष भागते, ती त्यांच्या वजाबाकीला, म्हणजे ५२ लाही भागणारच. उलट जी ९१ ला आणि ५२ ला भागते, ती त्यांच्या बेरजेला, म्हणजे १४३ लाही भागते. दोन्ही जोड्यांचे सामाईक विभाजक तेच, म्हणून मसाविही तोच.

हीच पायरी पुढे चालू ठेवली की मसावि आपोआप हाती येतो. ९१ ला ५२ ने भागलं, बाकी ३९. ५२ ला ३९ ने भागलं, बाकी १३. ३९ ला १३ ने भागलं, बाकी शून्य. शेवटचा भाजक १३, तोच मसावि. मसावि काढायची युक्लिडची भागाकार पद्धत ती हीच. तेरा चोक बावन्न, तेरा सत्ते एक्याण्णव, म्हणून ५२/९१ = ४/७. उत्तर १ पूर्णांक ४/७. सहावीच्या कार्यपत्रिकेत हे उदाहरण जरा जडच आहे, पण हुशार चार मुलांसाठी शेवटी ठेवायला हरकत नाही.

यातून उत्तरसूची करणाऱ्याला एक फुकटचा नियम मिळतो. दिलेला अंशाधिक अपूर्णांक मुळात अतिसंक्षिप्त असेल तर पूर्णांकयुक्त रूपातला अपूर्णांकही अतिसंक्षिप्तच येणार, तो पुन्हा तपासायची गरज नाही. आपल्या यादीत १७/५, ११/४, २३/६, १०७/१०, २१५/७, ३७/१६ आणि २९/१२ हे अतिसंक्षिप्तच आहेत. २४/६ ला बाकीच उरत नाही. म्हणजे संक्षेपाचं काम फक्त तिघांचं: २६/८, ७२/१५ आणि १४३/९१. ७२/१५ मध्ये पंधरा चोक साठ, बाकी बारा, ४ पूर्णांक १२/१५, तीनने भागून ४ पूर्णांक ४/५. संक्षेप करताना पूर्णांकाला हात लावायचा नाही, हे मुलांना बजावून सांगावं लागतं. अपूर्णांकांचा गुणाकार शिकून आलेली मुलं समोर दिसेल त्या दोन आकड्यांना काट मारायला टपलेलीच असतात.

संक्षेप केलेल्या उत्तराची पडताळणी थोडी वेगळी होते. ४ पूर्णांक ४/५ उलटं केलं तर ४ गुणिले ५ वीस, अधिक ४, चोवीस, म्हणजे २४/५. प्रश्न होता ७२/१५. हे दोन सममूल्य आहेत का ते तिरप्या गुणाकाराने पाहायचं: २४ गुणिले १५ बरोबर ३६०, ७२ गुणिले ५ बरोबर ३६०. जुळलं.

मग ज्या मुलाने ४ पूर्णांक १२/१५ वर थांबून घेतलं त्याला गुण द्यायचे की नाहीत? किंमत बरोबर, बाकी छेदापेक्षा लहान, म्हणजे पूर्णांकयुक्त रूप पुरं झालंय. प्रश्नात "अतिसंक्षिप्त रूपात लिहा" असं म्हटलं नसेल तर माझ्या मते गुण कापायचा अधिकार आपल्याला नाही. सूचीत दोन्ही रूपं बरोबरीच्या चिन्हाने जोडून छापावीत, म्हणजे तपासणाऱ्याला वेगळं विचारावं लागत नाही.

थोडं यादीबद्दलही बोलायला हवं, कारण सूची तपासताना माझ्या लक्षात आलं की काही उदाहरणं चूक पकडतच नाहीत. १०७/१० बघा. भागाकार १०, बाकी ७, उत्तर १० पूर्णांक ७/१०. काही मुलं छेदाच्या जागी मूळचा छेद न लिहिता भागाकारच पुन्हा लिहितात. १७/५ मध्ये असं करणारं मूल ३ पूर्णांक २/३ लिहील आणि सापडेल. पण १०७/१० मध्ये भागाकार आणि छेद दोन्ही दहाच, म्हणून चुकीच्या रीतीने केलं तरी उत्तर बरोबर येतं आणि पूर्ण गुण मिळतात. तसंच १२/५ चं: भागाकार २, बाकी २. इथे अदलाबदल झाली काय नि न झाली काय, उत्तर २ पूर्णांक २/५ च. मॅडमच्या यादीत १२/५ नव्हता, पण अशी उदाहरणं पुष्कळ कार्यपत्रिकांत सर्रास दिसतात. सुरुवातीला एखादं असायला हरकत नाही. मात्र तीच भरली तर मूल शिकलंय की नाही ते आपल्याला कळणारच नाही. भागाकार, बाकी आणि छेद हे तिन्ही आकडे एकमेकांपासून वेगळे येतील असं उदाहरण घ्यावं. १७/५ मध्ये ते ३, २ आणि ५ आहेत, २३/६ मध्ये ३, ५ आणि ६. ही खरी कामाची उदाहरणं.

२३/६ वरून कॅल्क्युलेटर आठवला. मोबाईलवर २३ भागिले ६ केलं की ३.८३३३३३३ असं दिसतं. ते बघून कुणी ३ पूर्णांक ८३/१०० लिहिलेलंही सापडतं. कॅल्क्युलेटर वापरायचाच असेल तर दशांश चिन्हाआधीचा ३ बाजूला काढायचा आणि उरलेल्या ०.८३३३३३३ ला छेदाने, म्हणजे ६ ने गुणायचं. ४.९९९९९९८ येईल, म्हणजे ५, कारण बाकी पूर्ण संख्याच असते. उत्तर ३ पूर्णांक ५/६. पण एवढा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा सहा त्रिक अठरा, तेवीसातून अठरा गेले पाच, हे तोंडी केलेलं बरं.

बाराऐवजी साठ-सत्तर उदाहरणं असली की हाताने करणं जिवावर येतं आणि मग सगळे एक्सेल उघडतात. तिथे पहिलाच धक्का असा बसतो की रकान्यात 11/4 टाइप केलं की ती तारीख होऊन बसते. आपल्याकडच्या सेटिंगमध्ये अकरा एप्रिल. म्हणून अंश आणि छेद वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचे, अंश A मध्ये, छेद B मध्ये. दुसरा मोह असतो Fraction नावाच्या फॉरमॅटचा. दशांशातली संख्या तो पूर्णांकयुक्त करून दाखवतो खरा, पण छेद एकच अंकी ठेवायचा असं सांगितलेलं असेल तर जवळचा अपूर्णांक दाखवून मोकळा होतो. ३७/१६ म्हणजे २.३१२५, त्याचं तो २ पूर्णांक १/३ दाखवतो. खरं उत्तर २ पूर्णांक ५/१६. रकान्यात चुकीची खूण कुठेच दिसत नाही, म्हणून सूचीसाठी मी हा फॉरमॅट वापरू नका असंच सांगेन. त्याऐवजी भागाकार आणि बाकी सरळ मागून घ्यायची:

```
C2: =QUOTIENT(A2,B2)
D2: =MOD(A2,B2)
E2: =D2/GCD(D2,B2)
F2: =B2/GCD(D2,B2)
```

C मध्ये पूर्णांक, D मध्ये बाकी, E आणि F मध्ये संक्षेप केलेला अंश आणि छेद. GCD म्हणजे आपला मसावि. २४/६ च्या ओळीत E मध्ये ० आणि F मध्ये १ दिसेल, ते बघून नुसता ४ लिहायचा. ५/८ च्या ओळीत C मध्ये ० येईल, तीच खूण की हा अंशाधिक नाही. हेच सूत्र गुगल शीट्समध्ये आणि लिब्रेऑफिसमध्येही चालतं.

आता पडताळणी. पुष्कळ जण G मध्ये C गुणिले B अधिक D बरोबर A असं सूत्र टाकतात आणि सगळीकडे TRUE आलं की समाधानाने फाईल बंद करतात. ते TRUE येणारच, कारण C आणि D त्याच A आणि B मधून काढलेत. सूत्राने सूत्राला साक्ष दिली, एवढंच झालं. चूक होते ती उत्तरं बघून पानावर उतरवताना. म्हणून छापायला तयार झालेल्या पानावरची उत्तरं, शक्यतो दुसऱ्या माणसाने, पुन्हा रकान्यांत भरायची. H मध्ये पूर्णांक, I मध्ये अंश, J मध्ये छेद. नुसता पूर्णांक असेल तर I मध्ये ० आणि J मध्ये १. मग हे सूत्र:

```
K2: =AND((H2*J2+I2)*B2=A2*J2, I2<J2, GCD(I2,J2)=1)
```

यात वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी आल्या: तिरपा गुणाकार जुळतो का, अंश छेदापेक्षा लहान आहे का, आणि संक्षेप पुरा झालाय का. सगळं पूर्ण संख्यांत चालतं, दशांश कुठेच येत नाही, म्हणून गोळाबेरजेची भानगड नाही. जिथे FALSE येईल तेवढीच ओळ हाताने बघायची. मॅडमच्या यादीची शेवटी छापलेली उत्तरं अशी:

१७/५ = ३ पूर्णांक २/५
११/४ = २ पूर्णांक ३/४
२६/८ = ३ पूर्णांक २/८ = ३ पूर्णांक १/४
२४/६ = ४
२३/६ = ३ पूर्णांक ५/६
५/८: रूपांतर होत नाही
१०७/१० = १० पूर्णांक ७/१०
१४३/९१ = १ पूर्णांक ५२/९१ = १ पूर्णांक ४/७
२१५/७ = ३० पूर्णांक ५/७
३७/१६ = २ पूर्णांक ५/१६
७२/१५ = ४ पूर्णांक १२/१५ = ४ पूर्णांक ४/५
२९/१२ = २ पूर्णांक ५/१२

मी सगळीकडे "पूर्णांक" हा शब्द मध्ये का घालतोय, असं वाटलं असेल. वहीत आपण मोठा ३ काढतो आणि त्याच्या शेजारी आडव्या रेघेवर २, खाली ५ असं लिहितो, तिथे घोळ होत नाही. पण सूची केंद्रातल्या सगळ्या शाळांना जाते ती व्हॉट्सॲपवर, एका ओळीत टाइप केलेली. तिथे 3 2/5 मधली मोकळी जागा एकदा गळाली की ते 32/5 होतं. हा पुन्हा अंशाधिक अपूर्णांकच, त्याची किंमत ६ पूर्णांक २/५, म्हणजे आपल्या उत्तराच्या दुप्पट नाही पण जवळपास तेवढी. पुढे कुणी ते कॉपी करून छापलं की मूळ उत्तर काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही. दहाच्या छेदाचं तर आणखी वेगळं: 10 7/10 मधली जागा गेली तर 107/10, म्हणजे प्रश्नच उत्तर म्हणून परत येतो. किंमत चुकत नाही, पण रूपांतर झालेलंच नसतं. म्हणून एका ओळीत लिहायचं असेल तर मध्ये शब्द घाला, किंवा वहीच्या पानावर नीट उभे अपूर्णांक लिहून त्याचा फोटो पाठवा. फोटो पाठवताना तेवढं पान सरळ धरा, नाहीतर २/५ चा छेद अर्धा कापला जातो आणि संध्याकाळपर्यंत चार जणांचे फोन येतात.